‘सर्वानुमते मंजूर’ एवढंच लिहून भागतं का? संस्थेच्या इतिवृत्तात देणगीचा पैसा कसा शोधायचा

एका देणगीदाराने गावातल्या संस्थेला शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह बांधायला ३ लाख रुपये दिले. वर्षभराने तो शाळेत गेला. स्वच्छतागृह उभं होतं आणि शेजारी पाण्याची नवी टाकीही होती. चौकशी केल्यावर समजलं की काम २ लाख ३८ हजारांत झालं आणि उरलेले ६२ हजार टाकीवर खर्च झाले. सचिवांनी सांगितलं, “साहेब, रीतसर ठराव झालाय.” देणगीदाराने ठरावाची प्रत मागितली. हाती एकच ओळ आली: ‘शिल्लक रक्कम योग्य कामासाठी वापरण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.’

इथे कुणी पैसे खाल्लेले नाहीत. टाकी खरी आहे आणि तिची गरजही खरी असेल. तरीही ही ओळ देणगीदाराला काहीच सांगत नाही आणि उद्या धर्मादाय कार्यालयाने किंवा आयकर खात्याने विचारलं तर संस्थेच्या कामीही येणार नाही. हा प्रसंग काल्पनिक आहे, पण अशी ओळ अनेक संस्थांच्या वहीत सापडते. ठरावात नेमकं काय असायला हवं, ते याच संस्थेच्या उदाहरणावरून पाहू.

इतिवृत्त म्हणजे नेमकं काय?

विश्वस्त मंडळाच्या सभेत काय ठरलं, याची लेखी नोंद म्हणजे इतिवृत्त. अनेक ठिकाणी या वहीला ‘प्रोसिडिंग’ म्हणतात. सभेची तारीख, वेळ, जागा, हजर विश्वस्तांची नावं आणि सह्या, गणपूर्ती झाली की नाही, विषयपत्रिकेतला एकेक विषय आणि त्यावरचा ठराव असा तिचा क्रम असतो. पहिला विषय बहुतेक वेळा ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा असतो आणि शेवटचा ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’.

कोण काय बोललं याचा वृत्तांत लिहिणं हा इतिवृत्ताचा मुख्य हेतू नाही. अधिकार असलेल्या लोकांनी, नियमाप्रमाणे बोलावलेल्या सभेत, पैसा खर्च होण्याआधी निर्णय घेतला होता, याचा तो पुरावा आहे. बँकेचं पासबुक पैसा कुठे गेला ते दाखवतं आणि व्हाउचर तो कशावर गेला ते दाखवतं. तो जाऊ द्यायचा असं कुणी, कधी आणि कोणत्या अटींवर ठरवलं, हे फक्त इतिवृत्तातून कळतं.

कायदा काय विचारतो?

महाराष्ट्रातले सार्वजनिक न्यास १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली येतात. इतिवृत्ताचा सर्वांनी वापरायचा छापील नमुना या कायद्यात नाही. सभा किती दिवसांनी घ्यायची, नोटीस किती दिवस आधी द्यायची आणि गणपूर्तीला किती जण लागतील, हे संस्थेच्या न्यासपत्रात किंवा नियमावलीत ठरलेलं असतं. म्हणून इतिवृत्त तपासताना नियमावली शेजारी ठेवावी लागते.

पण ही वही निव्वळ घरगुती कागद नाही. लेखापरीक्षकाला दरवर्षी धर्मादाय कार्यालयासाठीच्या अहवालात ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. सभा नियमितपणे झाल्या का? इतिवृत्ताची वही ठेवली आहे का? न्यासाचा पैसा त्याच्या उद्दिष्टांबाहेर वापरला गेला का? कुणी विश्वस्त न्यासाचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का? शिवाय कलम ३७ प्रमाणे धर्मादाय यंत्रणेला विश्वस्तांच्या कामकाजाचे उतारे आणि हिशेबाची पुस्तकं मागवून तपासता येतात. म्हणजे वही आज कपाटात असली तरी उद्या ती टेबलावर येऊ शकते.

एक अनुदान, दोन ठराव

आता याच संस्थेचं दुसरं प्रकरण पाहू. संस्थेचे सात विश्वस्त आहेत आणि गणपूर्ती चारची आहे. शेजारच्या तालुक्यातल्या एका नोंदणीकृत संस्थेने चार गावांत अभ्यासिका चालवायला ४ लाख २० हजारांचं अनुदान मागितलं आहे. सभा होते, चर्चा होते आणि वहीत असं लिहिलं जातं:

‘विषय क्र. ५: अभ्यासिकांसाठी अनुदानाच्या अर्जावर चर्चा झाली. अर्ज मंजूर करण्यात आला. ठराव सर्वानुमते मंजूर.’

किती रुपये मंजूर झाले, मागितले तेवढेच का, कोणत्या पैशातून, कधी द्यायचे आणि काम झालं नाही तर काय करायचं, यातलं काहीच इथे नाही. सहा महिन्यांनी सचिव बदलले तर नव्या सचिवालाही ते कळणार नाही. हाच निर्णय नीट लिहिला तर असा दिसेल:

‘विषय क्र. ५: अभ्यासिकांसाठी अनुदान. ४,२०,००० रुपयांचा अर्ज व अंदाजपत्रक सभेपुढे ठेवले. प्रत्येक अभ्यासिकेस पर्यवेक्षकाचे मानधन ६०,००० (दरमहा ६,०००, १० महिने), पुस्तके १५,००० आणि भाडे व वीज १५,००० असे ९०,००० रुपये, याप्रमाणे चार अभ्यासिकांचे ३,६०,००० रुपये मान्य. दुचाकी खरेदीचे ६०,००० रुपये अमान्य, कारण त्यांचा अभ्यासिका चालवण्याशी थेट संबंध दिसत नाही. रक्कम देशांतर्गत देणग्यांच्या सर्वसाधारण निधीतून द्यावी. पहिला हप्ता २,१६,००० रुपये करारनाम्यावर सह्या झाल्यावर. दुसरा हप्ता १,४४,००० रुपये पहिल्या हप्त्याचे विनियोग प्रमाणपत्र व खर्चाचा तपशील सभेपुढे आल्यानंतरच. न वापरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत परत घ्यावी. पाठपुराव्याची जबाबदारी खजिनदारांवर.’ त्याखाली सूचक, अनुमोदक, बाजूने आणि विरोधात किती मतं पडली, आणि ठराव क्रमांक.

हा ठराव जेमतेम शंभर शब्दांचा आहे, पण त्यातली प्रत्येक ओळ पुढे कुठे ना कुठे कामाला येते. आकडा फोडून लिहिल्यामुळे विनियोग प्रमाणपत्रात पुस्तकांवर ४० हजार दिसले तर खजिनदाराला लगेच विचारता येतं. नाकारलेली दुचाकी आणि तिचं कारण लिहिल्यामुळे मंडळाने अर्ज डोळे झाकून मंजूर केला नाही हे दिसतं. हप्ते बांधल्यामुळे काम फसलं तरी संस्थेचं नुकसान पहिल्या हप्त्यापुरतंच राहतं. आणि ‘देशांतर्गत देणग्यांच्या निधीतून’ हे शब्द तर फार महत्त्वाचे आहेत.

कारण असं की, परदेशी देणगी नियमन कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, २०२० साली बदल झाला. तेव्हापासून परदेशी देणगी दुसऱ्या कोणत्याही संस्थेला वर्ग करता येत नाही, मग त्या संस्थेकडे स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरीही. त्यामुळे दुसऱ्या संस्थेला अनुदान देताना पैसा कोणत्या खात्यातून जाणार हे ठरावातच हवं. ते न लिहिता खजिनदाराने सोयीचं म्हणून एफसीआरए खात्यातून पैसे पाठवले, तर चांगल्या कामासाठी दिलेलं अनुदानही कायद्याचा भंग ठरतं.

विश्वस्ताचा भाऊच अर्जदार संस्थेत असेल तर?

समजा, अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थेचे सचिव एका विश्वस्ताचे सख्खे भाऊ आहेत. लहान तालुक्यात अशी नाती निघतातच आणि केवळ नात्यामुळे अनुदान बेकायदा होत नाही. ते नातं लपवलं की अडचण सुरू होते.

नोंदीत तीन गोष्टी दिसायला हव्यात. संबंधित विश्वस्ताने विषय सुरू होण्याआधीच नातं सांगितलं. चर्चा आणि मतदान होईपर्यंत ते सभेबाहेर गेले. ते गेल्यावरही गणपूर्ती टिकून होती. आपल्या उदाहरणात पाच विश्वस्त हजर होते. एक बाहेर गेल्यावर चार उरले, म्हणजे गणपूर्ती टिकली. मुळात चारच हजर असते तर तीन उरले असते आणि त्या ठरावावर बोट ठेवायला जागा राहिली असती. अशा वेळी विषय पुढच्या सभेवर टाकणं शहाणपणाचं.

आयकराच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचं आहे. विश्वस्त, त्यांचे नातेवाईक किंवा त्यांचा मोठा हिस्सा असलेले व्यवसाय यांना न्यासाच्या पैशातून अवाजवी फायदा झाला, तर न्यासाची करमाफी धोक्यात येते. दर बाजारभावाप्रमाणे होता आणि निर्णय इतरांनी घेतला, हे दाखवायला त्या दिवशीची नोंदच लागते. नंतर दिलेल्या खुलाशाला तेवढं वजन नसतं.

उरलेले ६२ हजार

आता पुन्हा टाकीकडे. देणगीदाराने पैसा विशिष्ट कामासाठी दिला होता, म्हणून उरलेली रक्कमही त्या कामाशी बांधलेली होती. मंडळाला ती परस्पर दुसरीकडे वळवता येत नाही, मग दुसरं काम कितीही चांगलं असो.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी मंडळाने शिल्लक रकमेची नोंद घ्यायची: मिळाले ३,००,०००, खर्च २,३८,०००, शिल्लक ६२,०००. मग देणगीदाराला पत्र किंवा ई-मेल पाठवून टाकीसाठी लेखी संमती मागायची. ती मिळाल्यावर तिची तारीख नमूद करून ठराव करायचा आणि त्यानंतर खरेदी करायची. देणगीदाराने नकार दिला तर पैसा स्वच्छतागृहाच्या देखभालीसाठी राखून ठेवता येईल किंवा परत करता येईल. तेही त्याच्याशी बोलून ठरवायचं आणि वहीत लिहायचं.

आपल्या प्रसंगातल्या सचिवांकडे ठराव होता, पण संमती नव्हती. ‘योग्य कामासाठी’ या शब्दांत टाकीही बसते, वार्षिक संमेलनाचं जेवणही बसतं आणि कार्यालयाची रंगरंगोटीही. ज्या ठरावात काहीही बसतं, तो ठराव वाचून पैसा कुठे जायला हवा होता हे कधीच कळत नाही.

पुढच्या वर्षांसाठी पैसा साठवण्याच्या ठरावातही हीच चूक होते. करमाफी हवी असेल तर न्यासाला वर्षाच्या उत्पन्नातला किमान ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो. समजा उत्पन्न २० लाख आहे. मग १७ लाख खर्च व्हायला हवेत. झाले १४ लाख, तर ३ लाखांची तूट राहते. ही रक्कम विशिष्ट हेतूसाठी जास्तीत जास्त पाच वर्षं राखून ठेवता येते, पण हेतू आणि मुदत आयकर खात्याला वेळेत कळवावी लागते. १९६१ च्या आयकर कायद्यात ही तरतूद कलम ११(२) मध्ये आहे आणि त्यासाठीच्या फॉर्म १० मध्ये मंडळाच्या ठरावाचा उल्लेख असायचा. १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा २०२५ चा नवा आयकर कायदा घेतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात.

इथे ‘संस्थेच्या उद्दिष्टांसाठी’ असं मोघम लिहिणं धोक्याचं आहे. सिंघानिया धर्मादाय न्यासाच्या प्रकरणात कोलकाता उच्च न्यायालयाने म्हटलं होतं की न्यासपत्रातली सगळी उद्दिष्टं उतरवून काढली म्हणजे हेतू सांगितला असं होत नाही. इतर काही निकालांत न्यायालयांनी सैल भूमिका घेतली आहे. पण तो वाद कोर्टात लढण्यापेक्षा ‘वसतिगृहाच्या दोन खोल्यांच्या बांधकामासाठी, दोन वर्षांत’ असं लिहिणं केव्हाही स्वस्त पडतं.

ठराव झाला म्हणजे परवानगी मिळाली का?

नेहमीच नाही. काही निर्णय मंडळाच्या हातात अर्धेच असतात. न्यासाची जमीन किंवा इमारत विकायची असेल तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. न्यासासाठी कर्ज काढायचं असेल तर कलम ३६अ प्रमाणे तीच गोष्ट. अशा वेळी ठरावात ‘धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीस अधीन राहून’ असं लिहून अर्ज करायचा असतो. सातही विश्वस्तांच्या सह्या असल्या तरी ही परवानगी ठरावाने भरून निघत नाही.

मग ‘कार्योत्तर मंजुरी’चं काय? वादळात वसतिगृहाचे पत्रे उडाले तर सभेची वाट पाहत बसता येत नाही. सचिव दुरुस्ती करून घेतात आणि नंतर सभेत मंजुरी घेतात. यात गैर काही नाही, पण नोंदीत घटनेची तारीख, खर्चाचा निर्णय कुणी घेतला, नियमावलीत सचिवांना किती रकमेपर्यंत अधिकार आहे आणि सभा आधी का घेता आली नाही, हे यायला हवं. दर सभेत ‘मागील सभेपासून झालेल्या सर्व खर्चास कार्योत्तर मंजुरी’ अशी ओळ असेल, तर त्या संस्थेत निर्णय एकच माणूस घेतो आणि मंडळ फक्त सह्या करतं, असा अर्थ निघतो.

मागाहून लिहिलेलं इतिवृत्त कसं ओळखू येतं?

तपासणीची नोटीस आली की काही संस्थांत एका रात्रीत वर्षभराच्या सभा ‘होतात’. अनुभवी तपासनीस अशा वेळी फक्त वही वाचत नाही. तो तिची इतर कागदांशी गाठ घालतो.

पहिली गाठ तारखांची. अनुदानाचा ठराव १२ जुलैचा आणि धनादेश ३ जुलैचा असेल, तर निर्णय कागदावर येण्याआधीच पैसा गेला होता. दुसरी गाठ हजेरीची. ज्या दिवशी एका विश्वस्ताच्या परगावच्या प्रवासखर्चाचं व्हाउचर आहे, त्याच दिवशी सभेच्या हजेरीवर त्याची सही कशी? तिसरी गाठ मजकुराची. मार्चच्या ठरावात जूनमध्ये उघडलेल्या बँक खात्याचा क्रमांक आला तर पुढे बोलायला काही उरत नाही. त्याशिवाय सलग सहा सभा एकाच शाईत आणि एकाच अक्षरात, पानांचे क्रमांक मध्येच तुटलेले, सुटी छापील पानं चिकटवलेली, किंवा पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम केल्याची नोंदच नाही, या गोष्टी संशय वाढवतात.

यातली कुठलीही खूण एकटी गुन्हा सिद्ध करत नाही. सचिवांचं अक्षर नेहमी सारखंच असणार. पण तारखा, हजेरी आणि मजकूर तिन्ही जुळत नसतील, तर संस्थेला उत्तर देणं अवघड जातं.

खरंच चूक राहिली असेल तर तिचाही सरळ मार्ग आहे. जुन्या पानावर पांढरी शाई लावायची नाही. पुढच्या सभेत ‘ठराव क्र. ५ मध्ये रक्कम चुकीची नोंदली गेली, ती ३,६०,००० अशी वाचावी’ असा दुरुस्तीचा ठराव करायचा आणि जुन्या पानावर त्याचा संदर्भ लिहायचा. चूक दिसत राहते आणि ती कधी, कशी सुधारली हेही दिसतं. सभेनंतर आठवडाभरात मसुदा सगळ्या विश्वस्तांना ई-मेलने पाठवला, तर नोंद त्याच सुमारास तयार झाली होती याला आपोआप दुजोरा मिळतो.

देणगीदाराने काय मागावं?

संस्थेची संपूर्ण वही देणगीदारापुढे उघडी नसते. तिच्यात कर्मचाऱ्यांच्या किंवा लाभार्थ्यांच्या खासगी गोष्टीही असू शकतात. पण आपल्या देणगीशी संबंधित ठरावाची सही-शिक्क्याची सत्यप्रत मागणं रास्त आहे, आणि मोठी देणगी देण्याआधीच हे पत्रात लिहून घेणं त्याहून बरं.

प्रत हाती आली की चार गोष्टी पाहाव्यात. रक्कम आणि काम नेमकं लिहिलं आहे का? पैसा कोणत्या निधीतून जाणार हे आहे का? ठरावाची तारीख खर्चाच्या आधीची आहे का? आणि काम बदललं असेल तर आपल्या संमतीचा तारखेसह उल्लेख आहे का?

स्वच्छतागृहाच्या देणगीदाराने हे चार प्रश्न विचारले असते तर पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्याचं उत्तर ‘नाही’ आलं असतं आणि तिसऱ्याचं त्या एका ओळीवरून सांगताच आलं नसतं. संस्थेच्या हातात मात्र अजून एक गोष्ट आहे: पुढच्या सभेत ६२ हजारांचा हिशेब आणि टाकीचं बिल मांडायचं, संमती आधी घेतली नव्हती हे वहीत स्पष्ट लिहायचं आणि ती नोंद देणगीदाराला पाठवायची. अशा पत्रानंतर तो संमती देईल किंवा देणार नाही. पण काय घडलं हे त्याला संस्थेकडूनच लेखी कळलेलं असेल.